जगात देश नेमके किती? १९३, १९५ की २००च्या वर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी आकडा सांगा. जगात किती देश आहेत?

संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश १९३ आहेत. त्यात दोन निरीक्षक राज्यं, म्हणजे पोपचं धर्मपीठ (होली सी) आणि पॅलेस्टाईन, धरली की १९५ होतात. तैवान आणि कोसोवो धरले तर १९७. त्यापुढे पश्चिम सहारा, उत्तर सायप्रस, अबखाझिया, दक्षिण ओसेशिया, सोमालीलँड, कुक बेटं, नियुए अशी नावं येतात आणि यादी दोनशेच्या पुढे जाते.

या सगळ्या याद्या आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण प्रत्येक यादी वेगळी गोष्ट मोजते. सदस्यत्व हा एका संघटनेत झालेल्या मतदानाचा निकाल असतो. मान्यता हा एका देशानं दुसऱ्याबद्दल घेतलेला निर्णय असतो. आणि एखादा प्रदेश स्वतःचं सरकार, कर, पोलीस आणि सीमा सांभाळतो की नाही, ही तिसरी गोष्ट. बहुतेक देशांच्या बाबतीत तिन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. पुढचे प्रश्न जिथे ती उत्तरं फाटतात त्या डझनभर जागांबद्दल आहेत.

माझ्या जुन्या पुस्तकात १९२ लिहिलंय. ते चूक आहे का?

छापलं तेव्हा बरोबर होतं. जून २००६ मध्ये मॉन्टेनेग्रो आला तेव्हा संख्या १९२ झाली आणि १४ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान आल्यावर १९३. तेव्हापासून एकही नवा सदस्य आलेला नाही. १९१ लिहिलेलं पुस्तक हाती लागलं तर ते २००२ ते २००६ मधलं समजा.

१९४५ साली सुरुवात ५१ सदस्यांनी झाली होती. आफ्रिका-आशियातल्या वसाहती स्वतंत्र झाल्या, मग सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हिया फुटले, तशी संख्या वाढत गेली. मधूनमधून ती कमीही झाली आहे: १९९० मध्ये दोन येमेन एकत्र आले, दोन जर्मनी एकत्र आले आणि दोन खुर्च्या कमी झाल्या.

संयुक्त राष्ट्रांचं सदस्य व्हायचं तर करावं काय लागतं?

सरचिटणीसांकडे अर्ज करायचा आणि सोबत सनदेतली कर्तव्यं मान्य असल्याचं लेखी द्यायचं. सनदेचं चौथं कलम म्हणतं की अर्जदार शांतताप्रिय राज्य असावं, कर्तव्यं स्वीकारणारं असावं आणि ती पार पाडायला समर्थ व तयार असावं. अर्ज आधी सुरक्षा परिषदेकडे जातो. तिथे १५ पैकी किमान ९ मतं बाजूनं लागतात आणि अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स या पाचांपैकी कुणीही विरोधात मत देता कामा नये. परिषदेनं शिफारस केली तरच प्रकरण आमसभेत येतं आणि तिथे दोन तृतीयांश बहुमत लागतं.

अडतं ते जवळजवळ नेहमी पहिल्या पायरीवर. आमसभेत दीडशे देश तुमच्या बाजूचे असले तरी परिषदेतला एक हात पुरतो. उत्तर १९३ येतं यामागे भूगोलापेक्षा या पाच देशांच्या आपसातल्या राजकारणाचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे. पुढचं उदाहरण बघा.

एखादं आपल्या जवळचं उदाहरण?

बांगलादेश. याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, कारण यात सदस्यत्व आणि मान्यता या दोन्ही गोष्टी तारीखवार वेगळ्या काढून दाखवता येतात.

स्वातंत्र्याची घोषणा २६ मार्च १९७१ ची. भारतानं मान्यता दिली ६ डिसेंबर १९७१ रोजी, म्हणजे युद्ध चालू असताना, ढाक्यातल्या शरणागतीच्या दहा दिवस आधी. पुढच्या काही महिन्यांत मान्यतांची रीघ लागली. अमेरिकेनं पाकिस्तानशी मैत्री असूनही ४ एप्रिल १९७२ रोजी दिली. ऑगस्ट १९७२ मध्ये बांगलादेशानं सदस्यत्वासाठी अर्ज केला. २५ ऑगस्टला सुरक्षा परिषदेत मतदान झालं तेव्हा अकरा देश बाजूनं होते, तीन तटस्थ राहिले आणि विरोधात एकटा चीन. कम्युनिस्ट चीनला परिषदेतली जागा मिळून वर्षही झालं नव्हतं आणि त्यानं वापरलेला हा पहिला नकाराधिकार. चीनचं म्हणणं असं की पाकिस्तानचे नव्वद हजारांहून अधिक युद्धकैदी अजून भारतात आहेत, ते सुटेपर्यंत अर्जाचा विचार नको.

आता १९७२ च्या शेवटी बांगलादेश देश होता की नव्हता? सरकार होतं, राज्यघटना होती, टाका हे चलन होतं, डझनावारी राजदूत ढाक्यात हजर झाले होते. फक्त न्यूयॉर्कमध्ये खुर्ची नव्हती.

गाठ सुटली ती न्यूयॉर्कच्या बाहेर. २२ फेब्रुवारी १९७४ रोजी लाहोरच्या इस्लामी शिखर परिषदेच्या वेळी पाकिस्ताननं बांगलादेशाला मान्यता दिली. एप्रिलमध्ये भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि कैद्यांचा प्रश्न मिटला. जूनमध्ये सुरक्षा परिषदेनं शिफारस केली, चीननं या वेळी आडकाठी घातली नाही, आणि १७ सप्टेंबर १९७४ रोजी बांगलादेश १३६ वा सदस्य झाला.

सगळ्यात बोलका तपशील मात्र त्यानंतरचा आहे. चीननं बांगलादेशाला स्वतःची मान्यता दिली ऑगस्ट १९७५ च्या अखेरीस. म्हणजे जवळपास वर्षभर बांगलादेश संयुक्त राष्ट्रांचा पूर्ण सदस्य होता आणि परिषदेतला एक कायम सदस्य त्याला देश मानत नव्हता. सदस्यत्वानं मान्यता आपोआप मिळत नाही.

मग सदस्यत्व नसेल तर देश नाही, असं म्हणता येत नाही?

येत नाही. स्वित्झर्लंड सप्टेंबर २००२ मध्ये सदस्य झाला. संयुक्त राष्ट्रांचं युरोपातलं मुख्य कार्यालय जिनिव्हात, तरी यजमान देश बाहेर, कारण तटस्थतेला बाधा येईल असं तिथल्या मतदारांना वाटत होतं. मार्च २००२ च्या सार्वमतात कौल बदलला. तोवर स्वित्झर्लंड देश आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं.

उलट बाजूही आहे. २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सनदेवर भारताच्या वतीनं ए. रामस्वामी मुदलियार यांनी सही केली. भारत संस्थापक सदस्य आहे, पण त्या दिवशी भारत स्वतंत्र नव्हता. युक्रेन आणि बेलारूस सोव्हिएत संघाचे भाग असताना त्यांनाही स्वतंत्र खुर्च्या मिळाल्या होत्या. ती स्टालिननं पदरात पाडून घेतलेली जादा मतं होती. सदस्यांची यादी आणि स्वतंत्र देशांची यादी पहिल्या दिवसापासूनच जुळत नव्हती.

मान्यता देतं कोण? संयुक्त राष्ट्रं देतात ना?

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. 'संयुक्त राष्ट्रांनी मान्यता दिलेला देश' असं वर्तमानपत्रांतही छापून येतं. पण कुठल्याही राज्याला मान्यता देणं संयुक्त राष्ट्रांच्या हाती नाही, आणि तसं ती संघटना स्वतःच सांगते. मान्यता एक सरकार देतं. तिचा कुठलाही ठरलेला फॉर्म नाही: परराष्ट्रमंत्र्याचं पत्र, संसदेतली घोषणा, राजदूताची नेमणूक, किंवा 'सार्वभौम राज्य' असा उल्लेख असलेला करार, काहीही चालतं.

आणि दिलेली मान्यता परत घेता येते. भारतानंच घेतली आहे. पश्चिम सहारा ही आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावरची जुनी स्पॅनिश वसाहत. स्पेन निघून जाताना १९७६ मध्ये पोलिसारिओ या संघटनेनं तिथे सहरावी प्रजासत्ताक जाहीर केलं, पण मोरोक्कोही त्या भूमीवर हक्क सांगतो आणि बहुतेक प्रदेश आज त्याच्याच ताब्यात आहे. भारतानं १९८५ मध्ये सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली, दिल्लीत त्यांचा दूतावासही उघडला, आणि २००० मध्ये ती मान्यता मागे घेतली. वाळवंटात त्या दिवशी काहीही बदललं नव्हतं. बदललं होतं ते दिल्लीचं गणित.

याच वादामुळे आफ्रिकेत देश किती, या साध्या प्रश्नालाही दोन उत्तरं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबात ५४. आफ्रिकी संघाच्या हिशेबात ५५, कारण तिथे सहरावी प्रजासत्ताक पूर्ण सदस्य आहे. त्या रागानं मोरोक्को १९८४ मध्ये संघटनेतून बाहेर पडला आणि २०१७ मध्ये परत आला. आज दोघं एकाच सभागृहात बसतात.

कायद्यात 'देश' कशाला म्हणायचं याची व्याख्या नाही का?

आहे, १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ कराराची. कायम वस्ती, ठरावीक भूभाग, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता अशा चार अटी. त्याच करारात असंही म्हटलंय की राज्याचं राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नसतं. करार अमेरिका खंडांतल्या देशांनी केला होता, पण कसोटी जगभर वापरली जाते.

यावर कायदेपंडितांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, अटी पुऱ्या झाल्या की राज्य झालं, मान्यता ही फक्त पोच. दुसरा म्हणतो, बाकीचे व्यवहारच करणार नसतील तर ते राज्य कागदावरचं. मला स्वतःला पहिला पक्ष तत्त्वात पटतो आणि दुसरा रोजच्या कामात, कारण विमानतळावर अधिकारी पासपोर्ट घेतो की नाही हे मॉन्टेव्हिडिओ करार ठरवत नाही. शिवाय चौथी अट फसवी आहे: संबंध ठेवायची क्षमता तुमच्यात असली तरी समोरच्यानं दार उघडावं लागतं.

१९५ मधले ते दोन निरीक्षक कोण?

पहिला निरीक्षक व्हॅटिकन सिटी नावाचा चिमुकला भूभाग नव्हे. ती जागा होली सी, म्हणजे पोपच्या धर्मपीठाची आहे, १९६४ पासून. १८७० मध्ये इटलीनं रोम घेतल्यापासून १९२९ च्या लॅटरन करारापर्यंत पोपकडे सार्वभौम जमीन उरलीच नव्हती, तरी राजदूतांची ये-जा चालू होती. जमीन नसतानाही राजनैतिक अस्तित्व टिकू शकतं, हे यातून दिसतं. सदस्यत्वासाठी धर्मपीठानं अर्जच केलेला नाही.

दुसरा पॅलेस्टाईन, आणि त्याची गोष्ट अगदी उलटी. अर्ज आहे, मान्यता भरपूर आहेत, खुर्ची नाही. स्वातंत्र्याची घोषणा नोव्हेंबर १९८८ मध्ये अल्जिअर्समध्ये झाली आणि तीनच दिवसांत, १८ नोव्हेंबरला, भारतानं मान्यता दिली. सदस्यत्वाचा अर्ज २०११ चा. तो सुरक्षा परिषदेत अडकल्यावर २९ नोव्हेंबर २०१२ रोजी आमसभेनं आपल्या अखत्यारीतलं तेवढं दिलं: १३८ विरुद्ध ९ मतांनी 'सदस्य नसलेलं निरीक्षक राज्य' हा दर्जा. एप्रिल २०२४ मध्ये अर्ज पुन्हा परिषदेत आला. बारा मतं बाजूनं, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड तटस्थ, अमेरिका विरोधात. खेळ तिथेच संपला. पुढच्याच महिन्यात आमसभेत १४३ देशांनी पॅलेस्टाईन सदस्यत्वाला पात्र असल्याचं मत दिलं आणि त्याला जादा सवलती मिळाल्या. आता त्याचा प्रतिनिधी वर्णानुक्रमानं सदस्यांमध्ये बसतो, प्रस्ताव मांडू शकतो, मतदान मात्र करू शकत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनीही मान्यता दिल्यावर मान्यतांची संख्या दीडशेच्या पुढे गेली. सदस्यांच्या यादीत त्यानं एकाचीही भर पडली नाही.

तैवान तर सगळ्याच अर्थांनी देश दिसतो. मग तो यादीत का नाही?

दिसतो खरा. दोन कोटींहून अधिक लोक, निवडून आलेलं सरकार, स्वतःचं सैन्य, चलन, पासपोर्ट. मॉन्टेव्हिडिओच्या पहिल्या तीन अटींवर बोट ठेवायला जागा नाही.

पण तैवानचा वाद मुळात नव्या देशाचा नव्हताच. 'चीन' या नावाच्या एकाच खुर्चीवर बसायचं कुणी, असा तो वाद होता. १९४५ मध्ये ती खुर्ची चीनच्या प्रजासत्ताकाची होती, कायम सदस्यत्वासकट. १९४९ मध्ये यादवी युद्ध हरून चँग कै-शेक यांचं सरकार तैवानला गेलं, आणि खुर्ची आणखी बावीस वर्षं त्याच सरकारकडे राहिली. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी आमसभेनं २७५८ क्रमांकाचा ठराव ७६ विरुद्ध ३५ मतांनी केला आणि ती बीजिंगला दिली. भारतानं ठरावाच्या बाजूनं मत दिलं होतं. ठरावात तैवानचं नावसुद्धा नाही. 'चँग कै-शेक यांच्या प्रतिनिधींना' काढून टाकावं एवढंच म्हटलंय. म्हणून बीजिंग म्हणतं की तैवानचा प्रश्न तिथेच निकालात निघाला, आणि तैपेई म्हणतं की तैवान कुणाचा यावर ठराव काही बोललेलाच नाही.

बीजिंगशी संबंध जोडायचे तर तैपेईशी तोडावे लागतात, ही चीनची अट. त्यामुळे आज तैवानला औपचारिक मान्यता देणारे जेमतेम डझनभर उरलेत: पॅराग्वे, एस्वातिनी, काही छोटी बेटराष्ट्रं आणि होली सी. नाउरूनं जानेवारी २०२४ मध्ये बाजू बदलली. बाकीचे काम भागवतात ते नावं बदलून. दिल्लीत तैवानचा दूतावास नाही, 'तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर' आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची शाखा मुंबईतही उघडली आणि चीननं लगेच निषेध नोंदवला. पाटीवर 'तैवान' नाही, 'दूतावास' नाही, तरी आत बसलेली माणसं व्हिसाचं काम करतात. ऑलिंपिकमध्ये हाच संघ 'चायनीज तैपेई' असतो.

कोसोवोला शंभराहून अधिक देश मानतात. तरी अडलंय कुठे?

कोसोवोनं १७ फेब्रुवारी २००८ रोजी सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांनी मान्यता दिली. सर्बियाच्या मागणीवरून प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि जुलै २०१० मध्ये न्यायालयानं सल्ला दिला की ती घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याचं उल्लंघन करत नाही. कोसोवो हे राज्य आहे का, यावर न्यायालयानं चकार शब्द काढला नाही, कारण तो प्रश्न त्याला विचारलेलाच नव्हता. दोन्ही बाजू आपण जिंकलो म्हणतात ते यामुळे.

सदस्यत्वाच्या वाटेत रशिया आणि चीन उभे आहेत. युरोपीय संघातही एकमत नाही: स्पेन, ग्रीस, सायप्रस, रोमानिया आणि स्लोव्हाकिया मान्यता देत नाहीत. स्पेनला कॅटलोनियाची धास्ती, सायप्रसला उत्तर सायप्रसची. भारतानंही मान्यता दिलेली नाही. आणि मान्यतांचा नेमका आकडा विचाराल तर प्रिश्टिना एक सांगते, बेलग्रेड दुसरा, कारण सर्बियानं काही देशांना मान्यता मागे घ्यायला लावल्याचा दावा केला आहे आणि कोसोवोला त्यातले काही दावे कबूल नाहीत.

अर्ध्या मान्यतेत रोजचं आयुष्य कसं असतं, ते कोसोवोत छान दिसतं. २००९ मध्ये जागतिक बँक आणि नाणेनिधीचं सदस्यत्व मिळालं, कारण तिथे नकाराधिकार नाही. २०१५ मध्ये युनेस्कोचं सदस्यत्व अवघ्या तीन मतांनी हुकलं. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली माइलिंदा केल्मेंदीनं ज्युदोत सुवर्णपदक मिळवलं आणि कोसोवोचं राष्ट्रगीत वाजलं. फोनसाठी मात्र अनेक वर्षं सर्बिया, मोनॅको आणि स्लोव्हेनियाचे कोड उसने वापरावे लागले. +३८३ हा स्वतःचा कोड नंतर आला. २०२१ मध्ये सेव्हिलला स्पेनविरुद्ध फुटबॉल सामना झाला तेव्हा स्पॅनिश टीव्हीनं धावफलकावर स्वतःचं नाव कॅपिटल अक्षरांत आणि कोसोवोचं लहान अक्षरांत लिहिलं!

माझा आवडता प्रसंग २०१८ च्या सुरुवातीचा. कोसोवोचा वीजवापर उत्पादनापेक्षा जास्त झाला आणि तोल सांभाळायची जबाबदारी ज्या सर्बियाकडे होती त्यानं तो सांभाळला नाही. ग्रिड जोडलेला असल्यानं अर्ध्या युरोपची वारंवारिता किंचित घसरली आणि विजेच्या वारंवारितेवर चालणारी घड्याळं मार्चपर्यंत जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली. कुणाचा देश कुणाचा प्रांत, या भांडणापायी दूरवरच्या स्वयंपाकघरांतले ओव्हन चुकीची वेळ दाखवत होते.

बाकीच्या नावांचं काय?

उत्तर सायप्रसला १९८३ पासून फक्त तुर्कस्तान मानतं, आणि ती घोषणा अवैध असल्याचा सुरक्षा परिषदेचा ठरावच आहे. जॉर्जियापासून फुटलेल्या अबखाझिया आणि दक्षिण ओसेशियाला २००८ च्या रशिया-जॉर्जिया युद्धानंतर रशिया आणि त्याच्या मागून मोजक्या देशांनी मान्यता दिली. सोमालीलँडचं कोडं वेगळं. १९९१ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, पुढे स्वतःचं चलन, निवडणुका, बऱ्यापैकी शांतता, तरी तीन दशकांहून अधिक काळ एकाही सदस्य देशाची मान्यता नव्हती; डिसेंबर २०२५ मध्ये इस्रायल पहिला. ज्या सोमालियापासून ते फुटलं त्याच्याकडे मात्र राजधानीवरही धड ताबा नसतानाच्या काळात खुर्ची शाबूत राहिली.

कुक बेटं आणि नियुए यांच्याशी कुणाचंच भांडण नाही. न्यूझीलंडशी मुक्त सहयोगाचा करार आहे, नागरिकत्व न्यूझीलंडचं आहे, पण करार ते स्वतः करतात. अमेरिकेनं २०२३ मध्ये दोघांनाही मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेत दोघं सदस्य आहेत, संयुक्त राष्ट्रांत नाहीत. नियुएची लोकसंख्या दोन हजारांच्याही आत आहे.

फिफा २११ आणि वेबसाइटवरच्या यादीत २४९ कसे?

फिफा फुटबॉल संघटना मोजते. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड तिथे चार असतात. ऑनलाइन फॉर्ममधली 'कंट्री' यादी बहुधा आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या कोडवरून येते. त्यात २४९ नोंदी आहेत आणि अंटार्क्टिकाही आहे. नावं संयुक्त राष्ट्रांच्या यादीवरून घेतलेली असल्यानं तिथे 'तैवान, चीनचा प्रांत' असं दिसतं. कोसोवो त्या यादीत नाहीच. त्याच्यासाठी अनेक संस्था खासगी वापराचा `XK` हा कोड चालवून घेतात. फॉर्ममध्ये नाव दिसलं म्हणून देश ठरत नाही, नाही दिसलं म्हणून रद्दही होत नाही.

तालिबानला मान्यता नाही. म्हणजे अफगाणिस्तान आता देश नाही?

देश आहेच. राज्याची मान्यता आणि सरकारची मान्यता वेगळी. अफगाणिस्तान १९४६ पासून सदस्य आहे आणि १९३ मध्ये मोजला जातो. काबूलमधलं सरकार त्याचं अधिकृत प्रतिनिधी मानायचं का, एवढाच प्रश्न आहे. रशियानं जुलै २०२५ मध्ये ते मानलं.

'कैलासा'चे प्रतिनिधी संयुक्त राष्ट्रांत बोलले होते ना?

फेब्रुवारी २०२३ मध्ये जिनिव्हात, कुणालाही नाव नोंदवून येता येईल अशा खुल्या चर्चेत. नित्यानंदांच्या त्या 'राष्ट्रा'चा फोटो भारतात भरपूर फिरला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं त्या बोलण्याची दखल घेतली जाणार नसल्याचं सांगितलं. त्याआधी महिनाभर अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरानं भगिनी-शहराचा करारही केला होता. खरी हकिकत कळताच तो रद्द केला. माइकसमोर उभं राहणं हे सदस्यत्वही नव्हे आणि मान्यताही नव्हे.

स्पर्धा परीक्षेत काय लिहायचं?

प्रश्नातले शब्द बघा. 'संयुक्त राष्ट्रांचे सदस्य' असेल तर १९३, डोळे झाकून. नुसतं 'जगात किती देश' असेल आणि पर्यायांत १९३ व १९५ दोन्ही असतील, तर प्रश्न काढणाऱ्यानं घाई केली आहे. वर्णनात्मक उत्तरात १९३ सदस्य आणि दोन निरीक्षक असं उलगडून लिहा, आणि तैवान-कोसोवोचं एक वाक्य जोडा.

१९४ वा सदस्य कोण होऊ शकतो?

माझी नजर बूगनव्हिलवर आहे. पापुआ न्यू गिनीचा हा बेटांचा प्रदेश. १९८८ पासून दहा वर्षं चाललेल्या यादवीनंतर शांतता करार झाला, आणि त्यातल्या अटीप्रमाणे २०१९ च्या अखेरीस सार्वमत घेतलं गेलं. सुमारे ९८ टक्के मतं स्वातंत्र्याला पडली. बूगनव्हिलच्या नेत्यांनी १ सप्टेंबर २०२७ ही तारीख जाहीर केली आहे. पण सार्वमत बंधनकारक नाही. पापुआ न्यू गिनीच्या संसदेनं शिक्कामोर्तब करायला हवं. मूळ देशानं स्वतः सोडचिठ्ठी दिली तर सुरक्षा परिषदेत अडवायला सहसा कुणाला कारण उरत नाही. दक्षिण सुदाननं ९ जुलै २०११ रोजी स्वातंत्र्य घेतलं, खार्टूमच्या सुदान सरकारनं आधीच मान्य केलं होतं, आणि पाच दिवसांत खुर्ची मिळाली. पोर्ट मोर्स्बीतल्या संसदेनं मान डोलावली नाही, तर बूगनव्हिलचा अर्ज कोसोवोच्या रांगेत जाऊन बसेल.